शिल्लक खरी की कागदावरची?

घरखर्चाच्या कोष्टकात सगळ्यात जास्त फसवणारा आकडा म्हणजे सगळ्यात शेवटचा, शिल्लकेचा. बेरीज-वजाबाकी चुकते असं नाही, ती संगणक करतो. फसवणूक होते ती वरच्या ओळींत काय लिहिलं आणि काय लिहायचं राहिलं यामुळे. महिन्याअखेर दहा हजार उरतात असं कोष्टक सांगतं, आणि जूनमध्ये शाळेची फी भरायची वेळ आली की खात्यात पैसे नसतात. हा अनुभव इतक्या घरांत येतो की हिशेब ठेवणारी माणसंच शेवटी हिशेब सोडून देतात. म्हणून इथे एक कोष्टक पहिल्या ओळीपासून मांडून पाहू. एक्सेल किंवा गुगल शीट्स यांपैकी काहीही चालेल. इथली सूत्रं दोन्हीकडे सारखीच आहेत.

उदाहरणासाठी नाशिकमधलं चौघांचं एक घर घेऊ. नवरा कारखान्यात नोकरीला, बायको घरी शिकवण्या घेते, दोन मुलं शाळेत, फ्लॅटवर कर्ज. नवऱ्याचा पगार धरायचा तो खात्यात जमा होणारा, म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर कापून उरलेला. नेमणूकपत्रावरच्या वार्षिक आकड्याला बाराने भागून येणारी रक्कम घरखर्चाच्या कामाची नाही. तो ५२,००० आहे असं समजू. (महाराष्ट्रात व्यवसाय कर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० रुपये कापला जातो, त्यामुळे त्या महिन्यात शंभर रुपये कमी दिसले तर घाबरायचं कारण नाही.) शिकवण्यांचे चांगल्या महिन्यात १४,००० येतात.

कोष्टकाचे चार स्तंभ करायचे: A मध्ये तपशील, B मध्ये अंदाज, C मध्ये प्रत्यक्ष आणि D मध्ये फरक. या घराचा अंदाज असा आहे. डावीकडचा अंक ओळीचा.

| ओळ | तपशील | अंदाज (रु.) |
|---|---|---|
| २ | उत्पन्न | |
| ३ | पगार | ५२,००० |
| ४ | शिकवणी | १४,००० |
| ५ | एकूण उत्पन्न | ६६,००० |
| ६ | स्थिर खर्च | |
| ७ | घरकर्जाचा हप्ता | १८,५०० |
| ८ | सोसायटीचा मेंटेनन्स | २,२०० |
| ९ | शाळेची व्हॅन | २,४०० |
| १० | मोबाईल व इंटरनेट | १,३०० |
| ११ | घरकामाच्या मावशींचा पगार | १,८०० |
| १२ | गावी आई-वडिलांना | ३,००० |
| १३ | एसआयपी | ५,००० |
| १४ | वार्षिक खर्चाचा वाटा | १०,००० |
| १५ | एकूण स्थिर खर्च | ४४,२०० |
| १६ | बदलते खर्च | |
| १७ | किराणा | ७,५०० |
| १८ | भाजी-फळं | ३,००० |
| १९ | दूध | २,४०० |
| २० | वीज | १,४०० |
| २१ | गॅस | ९०० |
| २२ | पेट्रोल | २,८०० |
| २३ | औषधं | १,००० |
| २४ | बाहेरचं खाणं | १,५०० |
| २५ | किरकोळ | १,५०० |
| २६ | एकूण बदलते खर्च | २२,००० |
| २७ | शिल्लक | −२०० |

यातल्या ५, १५, २६ आणि २७ या चार ओळींत आकडा हाताने कधीच लिहायचा नाही. तिथे सूत्रं असतात:

```
B5   =SUM(B3:B4)
B15  =SUM(B7:B14)
B26  =SUM(B17:B25)
B27  =B5-B15-B26
```

स्थिर आणि बदलते असे दोन भाग वेगळे ठेवायचं कारण व्यवहारातलं आहे. हप्ता, मेंटेनन्स, व्हॅन यांची रक्कम आधीच ठरलेली असते. महिना सुरू झाल्यावर त्यात काटकसर करता येत नाही. किराणा आणि पेट्रोल रोजच्या वागण्यावर हलतात. या घरात ६६,००० पैकी ४४,२०० म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश पैसे पहिल्या तारखेलाच बांधलेले आहेत. किराण्यात दहा टक्के वाचवले तर हाती येतात ७५० रुपये. त्यामुळे ओढाताण कायमची असेल तर उपाय स्थिर खर्चांच्या यादीत शोधावा लागतो, आणि तो वर्षातून एकदा, शांतपणे बसून.

आता चौदावी ओळ. माझ्या मते सगळं कोष्टक या एका ओळीवर उभं आहे, आणि बहुतेक घरांच्या हिशेबात तीच नसते. वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्याच्या यादीत सुचतच नाहीत. ज्या महिन्यात ते येतात तो महिना 'अपवाद' म्हणून सोडून दिला जातो, आणि असे अपवाद वर्षात पाच-सहा महिने येत राहतात. या घराचे हे खर्च पाहा: दोन मुलांची फी ४८,०००, वह्या-पुस्तकं-गणवेश ९,६००, आरोग्य विमा २२,०००, मुदत विमा १३,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००, घरपट्टी ४,४०० आणि दिवाळी १८,०००. बेरीज होते १,२०,०००. बाराने भागली की महिन्याला दहा हजार.

हे दहा हजार ओळीत नसते तर शिल्लक ९,८०० दिसली असती. त्या भरवशावर कुणी नवा फ्रिज हप्त्यावर घेतला असता, तर तो हप्ता खरं तर जूनच्या फीमधून गेला असता. ओळ घातली की तीच शिल्लक उणे दोनशे होते. घर तेच आणि पैसेही तेवढेच; कोष्टक फक्त खरं बोलायला लागलं.

मात्र ही ओळ नुसती लिहून भागत नाही. ते दहा हजार पगाराच्या दिवशीच दुसऱ्या बचत खात्यात वळवायचे आणि वर्षाचे खर्च त्याच खात्यातून करायचे. ते फेडताना महिन्याच्या कोष्टकात पुन्हा नोंद करायची नाही, नाहीतर एकच खर्च दोनदा धरला जाईल. पहिल्या वर्षी एक अडचण हमखास येते. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनपर्यंत तीन हप्त्यांचे तीस हजार जमतात, आणि फी व पुस्तकं मिळून लागतात ५७,६००. उरलेले २७,६०० त्या एका वर्षी जुन्या ठेवीतून किंवा बोनसमधून घालावेच लागतात. बाराने भागायचा हिशेब दुसऱ्या वर्षापासून आपोआप चालतो. पहिल्या वर्षी जवळ आलेल्या खर्चाला उरलेल्या महिन्यांनीच भागायला हवं.

उत्पन्नालाही हाच नियम लावावा लागतो, आणि तो लावताना जीवावर येतं. शिकवण्या बाराही महिने नसतात. मे महिना कोरडा, एप्रिल आणि जून अर्धेमुर्धे. दहा महिन्यांइतकीच कमाई धरली तर वर्षाचे १,४०,००० होतात, आणि बाराने भागल्यावर महिन्याला ११,६६७ च पडतात. B4 मध्ये १४,००० पुसून ही रक्कम घाला. B27 मधली शिल्लक तत्क्षणी उणे २,५३३ होते. सूत्रांचा खरा उपयोग इथे दिसतो: एक आकडा बदलला की खालपर्यंतचा सगळा हिशेब स्वतःहून फिरतो. हातच्या वहीत हे करायला प्रत्येक वेळी सगळी बेरीज खोडावी लागते, म्हणून तिथे 'असं केलं तर काय होईल' हा प्रश्न कुणी विचारत नाही.

इथवर झाला तो अंदाज. प्रत्यक्ष खर्च C स्तंभात यायचा, पण तोही थेट तिथे लिहू नये. आपल्याकडे पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार होतील तसे तारीखवार लिहायचे आणि मग खात्याखात्याला खतावणीत न्यायचे. तीच पद्धत इथे उत्तम चालते. 'नोंदी' नावाचं दुसरं पान उघडायचं आणि त्यात तीन स्तंभ ठेवायचे: तारीख, खातं, रक्कम. खर्च झाला की त्याच दिवशी मोबाईलवरून एक ओळ. खतावणीचं काम हे सूत्र करतं:

```
C17  =SUMIF('नोंदी'!B:B,A17,'नोंदी'!C:C)
```

याचा अर्थ असा: नोंदींच्या B स्तंभात जिथे जिथे A17 मधला शब्द, म्हणजे 'किराणा', सापडेल तिथली C मधली रक्कम गोळा कर. हे सूत्र खाली ओढलं की प्रत्येक खात्याची बेरीज त्या त्या ओळीत येते. स्थिर खर्चांनाही हेच सूत्र द्यायचं. एसआयपी आणि वार्षिक वाटा वळवला की त्यांचीही नोंद करायची. उत्पन्न मात्र C3 आणि C4 मध्ये हाताने भरलं तरी चालतं. B मधली चार बेरजेची सूत्रं तशीच C मध्ये उतरवायची.

D मधल्या फरकाची दिशा सुरुवातीलाच ठरवून टाका. उत्पन्नासाठी `=C3-B3` आणि खर्चासाठी उलट, `=B17-C17`. त्यामुळे उणे चिन्ह दिसलं की ते नेहमीच वाईट बातमीचं असतं, मग ओळ कोणतीही असो. शिल्लकेच्या ओळीत `=C27-B27` लिहायचं.

आता चुका कुठे होतात ते पाहू, कारण कोष्टक सोडून देण्याची पाळी त्यांच्यामुळेच येते. वरच्या तक्त्यात मी अंक देवनागरीत दिले, कारण हे छापील पान आहे. कोष्टकात मात्र ते १, २, ३ असे न देता इंग्रजी कळफलकावरूनच टाका. देवनागरी अंकांना कोष्टक बहुतेक वेळा संख्या न समजता शब्द समजतं. रकमेपुढे 'रु.' टाइप केलं तरी तेच. आणि SUM अशा घरावरून चुपचाप पुढे जातं, तक्रार करत नाही. बेरीज फक्त कमी येते. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या आपोआप घराच्या उजव्या कडेला चिकटते आणि शब्द डाव्या. रकमांच्या स्तंभात एखादा आकडा डावीकडे उभा दिसला तर तो बेरजेत नाही असं समजा.

दुसरी चूक नव्या ओळीची. किरकोळच्या खाली, बेरजेच्या अगदी वर, 'क्लासची फी' अशी ओळ घातली तर `SUM(B17:B25)` ची हद्द ती ओलांडून जाते आणि बरेचदा नवी रक्कम धरलीच जात नाही. म्हणून नवी ओळ नेहमी मध्ये, किरकोळच्या वर घालायची. मग हद्द स्वतःच वाढते.

तिसरी चूक नावांची आहे. खात्याचं नाव 'भाजी-फळं' आणि नोंदीत लिहिलं 'भाजी', किंवा शब्दानंतर एक मोकळी जागा सुटली, की SUMIF ला ती नोंद सापडत नाही. पैसे खर्च झालेले असतात, पण कोणत्याच ओळीत उतरत नाहीत. खात्यांची यादी करून निवडसूची लावली (दोन्हीकडे ही सोय `Data validation` या नावाने मिळते) तर हा घोळ होत नाही. तरीही कोष्टकाखाली एक पडताळणी ठेवा:

```
C28  =SUM('नोंदी'!C:C)-C15-C26
```

उत्तर शून्य यायला हवं. नाही आलं तर तेवढ्या रकमेची नोंद कुठल्या तरी अनाथ नावाखाली पडून आहे. पण या पडताळणीचीही मर्यादा आहे. जी रक्कम शब्द म्हणून नोंदली गेली किंवा नोंदलीच गेली नाही, ती हिला दिसत नाही. तिच्यासाठी कोष्टकाच्या बाहेर, बँकेकडे जावं लागतं.

या घराचा जून महिना घेऊ, अंदाज पहिल्या तक्त्याचाच. शिकवण्या उशिरा सुरू झाल्या म्हणून ११,००० च आले, उत्पन्न ६३,०००. स्थिर खर्च ठरल्याप्रमाणे ४४,२००. बदलते खर्च २४,१०० झाले. पावसाच्या तोंडावर भाजी महागली, ती ३,९०० ला गेली. विजेचं बिल २,१०० आलं, कारण ते मे महिन्यातल्या पंख्या-कूलरचं होतं. बाहेरचं खाणं मात्र ९०० वर थांबलं. शिल्लक उणे ५,३००. अंदाज उणे २०० चा होता, म्हणजे फरक उणे ५,१००. त्यातले ३,००० उत्पन्न कमी झाल्याचे आणि २,१०० खर्च वाढल्याचे. खर्चावरून घरात वाद होण्याआधी हे दोन आकडे वेगळे दिसणं किती गरजेचं आहे! इथे मोठा भाग खर्चाचा नव्हताच.

आता पडताळा. एक जूनला बँकेत ३१,००० आणि हातात २,५०० होते, क्रेडिट कार्डाचं देणं ३,५०० होतं, निव्वळ ३०,०००. वार्षिक खर्चाचं वेगळं खातं यात धरायचं नाही. महिन्यात ५,३०० कमी पडले, तर तीस तारखेला २४,७०० असायला हवेत. प्रत्यक्षात बँकेत २७,६००, हातात १,१०० आणि कार्डाचं देणं ४,९००, म्हणजे २३,८००. नऊशे रुपयांची तफावत.

शोध घेतल्यावर दोन गोष्टी निघाल्या. औषधांची एक नोंद '640 रु.' अशी टाइप केलेली होती, ती शब्द ठरून बेरजेबाहेर राहिली होती. उरलेले २६० रुपये चहा-वडापावचे, यूपीआय लाइटवरून दिलेले. यूपीआय लाइटमध्ये बँकेच्या खातेउताऱ्यात फक्त त्यात पैसे भरल्याची ओळ येते, छोटे खर्च एकेक करून दिसत नाहीत. महिन्याअखेर उताऱ्यावरून हिशेब लिहू म्हणणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते. साध्या यूपीआयच्या ओळीतही दुकानदाराचं नाव असतं, काय घेतलं ते नसतं. म्हणून नोंद त्याच दिवशी हवी.

याच पडताळ्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एटीएममधून काढलेले पैसे हा खर्च नव्हे. ते बँकेतून खिशात आले, एवढंच. आणि क्रेडिट कार्डाने घेतलेल्या वस्तूची नोंद घेतल्या दिवशी करायची. पुढच्या महिन्यात बिल भरताना पुन्हा करायची नाही. या दोन्हींची नोंद खर्चात केली की तोच पैसा दोनदा खर्च झालेला दिसतो, आणि घर आहे त्याहून गरीब वाटायला लागतं.

तफावत दरवेळी शून्यच यावी असा हट्ट नको. शे-दोनशे रुपये सापडत नसतील तर 'किरकोळ'मध्ये 'ताळेबंद' म्हणून नोंदवून पुढे जावं. पण ती दर महिन्याला हजाराच्या वर जात असेल, तर एखादं खातंच यादीत नाही असं समजायचं.

मग या घराने काय करावं? शिकवण्यांचा खरा आकडा धरला तर दर महिन्याला अडीच हजारांची तूट आहे. यात एक दिलासा आहे, एसआयपीचे ५,००० खर्चात धरलेले असले तरी ते घराचेच आहेत, म्हणजे घर बुडत नाहीये. एसआयपी अर्धी केली तर तूट जवळजवळ मिटते, आणि B13 मध्ये 2500 टाकून ते दोन सेकंदांत पाहताही येतं. पण मी आधी ९ आणि १० या ओळी तपासल्या असत्या: एका मुलाला सायकलने पाठवता येतं का, घरातले सगळे मोबाईल प्लॅन खरंच लागतात का. चौदाव्या ओळीला मात्र हात लावू नये. तिथले दहा हजार बचत वाटतात, पण ते फी, विमा आणि दिवाळी यांनी आधीच मागून ठेवलेले पैसे आहेत.

तुम्ही हे कोष्टक करणार असाल तर संगणक उघडण्याआधी गेल्या बारा महिन्यांचं पासबुक घेऊन बसा आणि वर्षातून एकदाच झालेला प्रत्येक खर्च कागदावर उतरवा. त्या यादीची बेरीज भागिले बारा हा तुमच्या कोष्टकात भरायचा पहिला आकडा.